ओल्या कपड्यात थंडी का भरते: बाटली, पंखा आणि घोंगडी (प्रकल्प नोंदी)

8 जून: काम काय आहे

आमच्या ट्रेकिंग गटाची पावसाळी सामानाची यादी नव्याने करायची आहे. जुन्या यादीत "सुती कपडे नकोत, स्पोर्ट्स टी-शर्ट आणा" असं एक वाक्य आहे आणि त्यापुढे काहीच नाही. कळसूबाईवर जुलैत माथ्याच्या आधीच्या लोखंडी शिडीपाशी रांग लागते. तिथे थांबलेल्या लोकांचे दात वाजताना दिसतात, आणि त्यात स्पोर्ट्स टी-शर्टवालेही असतात. माथा 1646 मीटरवर आहे आणि पावसाळ्यात तिथली हवा साधारण 17 ते 19 अंशांची असते. कोरड्या कपड्यात, वाऱ्याच्या आड, एवढ्या हवेत कोणी कुडकुडत नाही. म्हणजे थंडी हवेपेक्षा ओल्या कपड्यातून जास्त येते आहे, आणि ती नेमकी कशी येते हे कळल्याशिवाय यादीत काय लिहायचं ते ठरणार नाही.

संशयित तीन आहेत. पहिला म्हणजे कापडातलं पाणी वाफ होऊन उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. दुसरा म्हणजे पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीसपट सहज पुढे सरकते. तिसरा म्हणजे कापडाच्या धाग्यांमधली अडकलेली हवा, जी खरं तर ऊब धरून ठेवते, तिची जागा पाणी घेतं. दुसरा आणि तिसरा हे एकाच घटनेचे दोन भाग आहेत, त्यामुळे त्यांना एकत्र मोजणार आहे. पहिल्याला मात्र वेगळं काढायचं आहे, कारण त्यावरचा उपाय वेगळा असू शकतो.

10 जून: मांडणी

माणसाऐवजी एक लिटरची, एका थराची स्टीलची बाटली. थर्मास चालणार नाही, त्याच्या भिंतीत पोकळी असते आणि मग बाहेरच्या कापडाने काहीच फरक पडत नाही. झाकणाला भोक पाडून तारेच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर आत सोडला. बाटली थर्माकोलच्या तुकड्यावर उभी केली आणि झाकणावरही थर्माकोल ठेवला, म्हणजे उष्णता बहुतेक कापडातूनच बाहेर जाईल. जुना सुती टी-शर्ट कापून त्याचे दोन वेढे बाटलीला घट्ट गुंडाळले. समोर दीड मीटरवर टेबल फॅन, कायम एकाच वेगावर. आत गरम पाणी भरायचं आणि 45 अंशांवरून 40 अंशांवर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. शिवाय प्रत्येक वेळी आधी आणि नंतर सगळी बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची. किती पाणी उडालं ते काटाच सांगेल.

खर्च थर्मामीटरचा, आणि खोलीतली आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या मीटरचा. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. बाकी सगळं घरातलं.

12 जून: आकडे जुळेनात

तीच बाटली आणि तेच कापड, तरी दोन वेळांत बराच फरक येत होता. कारण नंतर सापडलं. बाटलीच्या कडेला थंड झालेलं पाणी खाली उतरतं आणि गरम पाणी वर राहतं. थर्मामीटरचं टोक वर असलं तर बाटली बराच वेळ गरमच वाटते, टोक खाली गेलं तर लगेच गार. टोक मधोमध राहील अशी तार झाकणाला चिकटवली, आणि दर मिनिटाला बाटली हलकेच दोनदा गोल फिरवून मगच वाचन घेतलं. त्यानंतर दोन वेळांमधला फरक मिनिटभराच्या आत आला. हा प्रयोग कोणी घरी करणार असेल तर ही पायरी वगळू नका. माझी दोन संध्याकाळची मोजणी यामुळे फेकून द्यावी लागली.

15 जून: कोरडं आणि ओलं

खोली 25 अंश, आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास. पाऊस बाहेर चालूच होता.

पंखा बंद ठेवून कोरड्या कापडात 45 वरून 40 ला यायला 50 मिनिटं लागली. तेच कापड भिजवून, पाणी गळायचं थांबेपर्यंत पिळून गुंडाळलं, तर 11 मिनिटं. पंखा लावल्यावर कोरड्या कापडात 31 मिनिटं आणि ओल्यात जेमतेम 5.

पंख्यासमोरच्या ओल्या बाटलीचं वजन त्या पाच मिनिटांत 7 ग्रॅमनी उतरलं. हिशेब असा. एक लिटर पाणी पाच अंशांनी गार व्हायला साधारण 21 किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2.4 किलोज्यूल लागतात, म्हणजे 7 ग्रॅमला जवळपास 17. एकविसातले सतरा. बाटलीतून गेलेल्या उष्णतेचे पाचातले चार भाग त्या 7 ग्रॅम पाण्याबरोबर गेले. 7 ग्रॅम म्हणजे दीड चमचाभरसुद्धा नाही. काट्यावर ते बघेपर्यंत एवढंसं पाणी इतकं काही नेत असेल यावर माझाही विश्वास बसला नसता.

16 जून: बाष्पीभवन बंद करून

आता पहिल्या संशयिताला बाजूला काढायचं. ओल्या कापडावरून प्लास्टिकची पिशवी चढवली आणि वरखाली रबर बँड लावले. पाणी उडायला वाटच नाही. पंख्यासमोर 28 मिनिटं लागली, म्हणजे जवळपास कोरड्याइतकीच. हे पटण्यासारखं नव्हतं. ओल्या कापडात हवा राहिलेली नाही, मग ते कोरड्याच्या बरोबरीने ऊब कशी धरेल?

पिशवी काढताना उलगडा झाला. ती सैल होती. कापड आणि पिशवी यांच्यात बोटभर जागा होती, आणि पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. कापडातली हवा गेली होती खरी, पण मीच बाहेर हवेचा नवा थर तयार करून दिला होता.

मग खाण्याचे पदार्थ झाकायची पातळ फिल्म ओल्या कापडावर ताणून, एकही फुगा राहणार नाही अशी बसवली. आता 15 मिनिटं. वजनात काही फरक नाही, म्हणजे पाणी उडालेलं नाही.

तर पंख्याच्या वाऱ्यात चित्र असं दिसतं: कोरडं 31, ओलं पण झाकलेलं 15, ओलं आणि उघडं 5. कापडातल्या हवेच्या जागी पाणी आलं, एवढ्यानेच गार होण्याचा वेग दुप्पट झाला. त्यावर बाष्पीभवन आलं की आणखी तिप्पट. दोन्ही खरे गुन्हेगार आहेत, पण वारा असताना मोठा वाटा बाष्पीभवनाचा.

सैल पिशवीचा आकडा मी खोडून टाकणार होतो. मग वाटलं, रेनकोट म्हणजे सैल पिशवीच की. तो ठेवला.

22 जून: सुती विरुद्ध स्पोर्ट्स टी-शर्ट

यादीतल्या त्या एका वाक्याची परीक्षा. पॉलिएस्टरच्या टी-शर्टचा तुकडा, तसाच दोन वेढे, ओला, पंख्यासमोर: 6 मिनिटं. सुतीचे 5. म्हणजे ओलं असेपर्यंत स्पोर्ट्स टी-शर्ट काही उबदार नसतो. शिडीपाशी त्यातली माणसंही का कुडकुडतात ते यातून कळतं.

फरक दुसरीकडे आहे. पूर्ण टी-शर्ट वजन केले. सुती कोरडा 178 ग्रॅम, निथळता 610, हाताने कचकचून पिळल्यावर 365. पॉलिएस्टरचा कोरडा 132, निथळता 345, पिळल्यावर 205. धरलेलं पाणी किती ते बघा: सुतीत न पिळता 432 ग्रॅम, पिळून 187. पॉलिएस्टरमध्ये पिळून फक्त 73.

हे सगळं पाणी अंगावरच वाळवायचं ठरवलं तर? शांत बसलेलं माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे तासाला 360 किलोज्यूल. न पिळलेला सुती शर्ट वाळवायला हजाराहून थोडे जास्त किलोज्यूल लागतात. शरीराची जवळजवळ तीन तासांची सगळी कमाई त्यात जाते. पिळलेला सुती सव्वा तासाची कमाई खातो, पिळलेला पॉलिएस्टर अर्ध्या तासाची. चढताना शरीर याच्या चार-पाच पट उष्णता तयार करतं, म्हणून चढावर कोणाला काही जाणवत नाही. थांबलं की उत्पन्न एकदम शंभरावर येतं आणि शर्ट मात्र आधीच्याच दराने वसुली करत राहतो. थंडी भरते ती नेमकी थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत.

दरम्यान एक फुकटचा उपाय हाती लागला: शर्ट काढून पिळणे. मागचा हिशेब खरा धरला तर दोन मिनिटांच्या कामात दीड तासाची ऊब वाचते. वाऱ्यात उघडं होऊन नाही, आडोशाला जाऊन.

29 जून: कांद्याच्या गोणीची जाळी

सैल पिशवीमुळे एक गोष्ट डोक्यात घोळत होती. कापड ओलं असणं हा अर्धा प्रश्न, ते अंगाला चिकटलेलं असणं हा उरलेला. ओलं कापड त्वचेपासून थोडं दूर ठेवलं तर?

कांद्याच्या लाल गोणीची जाळी कापून बाटलीला दोन वेढे दिले, त्यावर तेच ओलं सुती कापड. पंखा तोच. 13 मिनिटं! जाळीशिवाय 5 होती. कापड तितकंच ओलं आणि तितकंच वाऱ्यात, फक्त मध्ये दोन-तीन मिलिमीटर हवा.

हात लावल्यावर कारण बोटांना कळतं. जाळीशिवायचं ओलं कापड बाटलीइतकंच कोमट लागतं. जाळीवरचं कापड खोलीइतकं गार लागतं. बाटलीची उष्णता त्या पातळ हवेच्या थरातून कापडापर्यंत हळूहळू पोचते, म्हणून कापड गार राहतं, आणि गार पाण्याची वाफही कमी होते. बाष्पीभवन बंद झालं नव्हतं, त्याला बाटलीतून मिळणारा पुरवठा आटला होता. जाळीची बनियन आजोबांच्या पिढीत घरोघरी होती. सैलसर शर्टाखाली ती घातली तर हेच काम करावं. मात्र जाळी जाडसर दोऱ्याची हवी. हल्ली मिळणाऱ्या पातळ, बारीक भोकांच्या बनियनचा तुकडा लावून पाहिला, तर ती स्वतःच भिजून बाटलीला चिकटली आणि काही फायदा झाला नाही.

6 जुलै: बारी गाव, धुक्यात

गटातल्या एकाची शंका रास्त होती: "तुझ्या खोलीत हवा 85 टक्के ओली. डोंगरावर ढगात 100 टक्के. तिथे पाणी उडणारच कसं?" आमच्याकडे बरेच जण असंच मानतात की दमट हवेत कपडा वाळत नाही, म्हणजे बाष्पीभवनाने थंडीही वाजत नसणार.

म्हणून सगळं सामान घेऊन कळसूबाईच्या पायथ्याला बारीत आलो. घराच्या ओट्यावर धुकं आत येत होतं. हवा 21 अंश, मीटर 99 दाखवत होता, वारा अंगणातून सरळ येणारा. बाटली या वेळी अंगाच्या तापमानाजवळ ठेवली, 38 वरून 32. ओल्या सुती कापडात 9 मिनिटं लागली आणि वजन 7 ग्रॅमनी कमी झालं. गेलेल्या उष्णतेतला दोन-तृतीयांश वाटा तिथेही बाष्पीभवनाचाच.

दोरीवरचा कपडा त्या ओट्यावर दिवसभर ओलाच होता, कारण तो हवेइतकाच गार होता. अंगावरचा कपडा कोमट असतो. कोमट कापडाला लागून असलेली हवा 33 अंशांना दर घनमीटरमागे 36 ग्रॅम वाफ धरू शकते, आणि आसपासची 21 अंशांची हवा पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात जेमतेम 18 ग्रॅम असते. कापडाजवळची वाफ त्या गार हवेत जातच राहते, काही तिथे लगेच धुकं होते. थंडीत भिजलेल्या माणसाच्या पाठीतून वाफ निघताना दिसते ती हीच. उलट एक वाईट गोष्ट अशी की कापड आसपासच्या हवेपेक्षा गरम असल्याने या बाष्पीभवनाला हवेकडून काही मदत मिळत नाही. सगळी उष्णता अंगातूनच जाते.

घरमालक बाबा बाटलीकडे बराच वेळ बघत होते. त्यांनी आतून घोंगडी आणली. "ही लावून बघा. भिजली तरी अंगाला चिकटत न्हाई." भाताच्या लावणीला आता प्लास्टिकचा कागद घेतात, पूर्वी इरलं आणि घोंगडी असायची, म्हणाले. इरलंही हाताशी होतं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मध्ये पानांचा थर. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीपासून ते चांगलं वीतभर उंच राहतं. पाऊस बाहेर, पाठ कोरडी, आणि खालून वारा खेळता. ओलं आणि अंग यांच्यात अंतर ठेवायचं, हेच त्याचं सगळं गणित.

घोंगडी कापायची नव्हती. तिचं टोक बाटलीला एक वेढा देऊन बांधलं. कोरडी असताना बाटली इतकी हळू निवत होती की मध्येच थांबवलं. मग तेच टोक बादलीत बुडवून झटकून बांधलं. बाटली 38 वरून 32 वर यायला 24 मिनिटं लागली. ओल्या सुती कापडाला 9 लागली होती. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. भिजली तरी तिचे धागे एकमेकांवर दबत नाहीत, मधल्या फटीत हवा टिकते. सुती धागा भिजला की मऊ पडून सपाट होतो. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या भागाएवढी वाफ धाग्याच्या आत घेऊ शकते, तरी हाताला ओली लागत नाही. जाडीचा फायदाही यात मिसळलेला आहे हे खरं. घोंगडी चार-पाच मिलिमीटर जाड आहे आणि माझं कापड त्याच्या निम्मंही नाही.

तोटाही तिथेच दिसला. भिजलेली घोंगडी उचलताना बाबांनाही दोन्ही हात लावावे लागले. पाठीवर घेऊन शिडी चढायची ही वस्तू नव्हे.

7 जुलै: माथ्यावर

हा बाटलीचा नाही, माणसांचा दिवस. माझ्या अंगात जाळीची बनियन, वर सैल पॉलिएस्टर शर्ट. सोबतच्या मित्राच्या अंगात घट्ट बसणारा तसाच शर्ट, बनियन नाही. दोघेही चिंब. शिडीच्या अलीकडे रांगेत अर्धा तास गेला. त्याचे हात वाकडेतिकडे होऊ लागले, सॅकची चेन लावता येईना. शर्ट पिळायला सांगितला, त्यावर रेनकोट चढवला, हूड बांधला. ओल्या शर्टावर रेनकोट घालून काय उपयोग, असं तो म्हणत होता. दहा-बारा मिनिटांत कुडकुडणं थांबलं. सैल पिशवीचा आकडा, 28 मिनिटं, आठवला. आत दमट चिकचिक होते, पण वारा शर्टापर्यंत पोचत नाही आणि पाणी उडणं जवळपास थांबतं.

मलाही थंडी वाजली, पण बोटं चालत होती. एका माणसावरून सिद्ध काही होत नाही. त्याची अंगकाठी माझ्यापेक्षा किरकोळ आहे, आणि बारीक माणूस लवकर निवतो.

12 जुलै: यादीत काय गेलं

"सुती नको" हे वाक्य ठेवलं, पण कारण बदललं: सुती जास्त पाणी धरतं, म्हणून वाळायला जास्त ऊब खातं. त्याखाली नवीन ओळी आल्या.

जाड दोऱ्याची जाळीची बनियन, वर सैल शर्ट. चढताना रेनकोट सॅकमध्ये राहिला तरी चालेल, कारण आतून घामाने भिजणारच आहात. पण थांबण्याच्या आधी, अंग गरम असतानाच तो घालायचा. आडोसा मिळाला की शर्ट पिळायचा. कोरडा शर्ट आणि कानटोपी दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी वाटेत उघडायची नाही. तो शर्ट परतीच्या गाडीसाठी नव्हे, माथ्यावर किंवा रांगेत अडकल्यावर वापरायचा आहे. लोकरीचा पातळ स्वेटर असेल तर फ्लीसइतकाच चालेल, घरात असलेला आणा, नवा घेऊ नका.

लीडरसाठी वेगळी ओळ: कुडकुडणं, चेन किंवा नाडी न जमणं, बोलणं जड होणं, पाय अडखळणं यातलं काही दिसलं तर त्या माणसाला उभं ठेवायचं नाही. आधी वारा अडवायचा, मग ओलं काढून कोरडं घालायचं, डोकं झाकायचं आणि गोड गरम काही द्यायचं. जोरात कुडकुडणारा माणूस एकदम शांत झाला आणि गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेल्याची ती खूण असू शकते. त्याला चालवत न्यायचं नाही, आडवं ठेवून मदत बोलवायची.

बाटलीच्या आकड्यांची मर्यादाही यादीत लिहिली आहे. बाटली 45 अंशांवर होती, त्वचा 33च्या आसपास असते आणि थंडीत ती स्वतः आणखी गार होऊन रक्त आत ओढून घेते. त्यामुळे माणूस बाटलीच्या वेगाने निवत नाही. कोणता कपडा कोणापेक्षा बरा, एवढंच या आकड्यांवरून बघावं.

पाय अजून मोजायचे आहेत. बुटात पाणी भरलं की बाष्पीभवन जवळपास नसतं, सगळी गळती पाण्यातून थेट होते, त्यामुळे तिथे जाळीचा हिशेब वेगळा निघेल. त्यासाठी बाटलीऐवजी गरम पाण्याची रबरी पिशवी मोज्यात घालून बघणार आहे.